एक नायगाव, तीन नयागीव

नायगावात राहतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "वसईजवळचं का?" मग मी सांगतो, "नाही हो, दादरचं. पोलिस मैदानाजवळचं." तेवढ्यावर भागत नाही. एखादा अभ्यासू भेटला तर म्हणतो, "मला वाटलं सातारा जिल्ह्यातलं, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव." अशी ही तीन नायगावं मी उभा जन्म वेगवेगळी करून सांगत आलो. या तिघांचं मिळून अरबीत काय होईल, असा प्रश्न मला एकसष्टाव्या वर्षी पडला. तो पडला नसता तर आमच्या घरात आज शांतता असती.

सुरुवात नातीपासून झाली. ती दुबईला असते आणि तिला शाळेत अरबी सक्तीची आहे. एका रविवारी फोनवर दिसली आणि म्हणाली, "आजोबा, किताब म्हणजे काय?"

"पुस्तक," मी ऐटीत म्हणालो.

"आणि खूप किताब असल्या तर?"

"किताबें." आयुष्यभर हिंदी सिनेमे बघितल्याचा काही उपयोग व्हायला नको?

ती इतकी हसली की फोन उलटा पडला आणि मला पाच मिनिटं त्यांच्या घरातला पंखा दिसत राहिला. मग लांबून आवाज आला, "कुतुब! किताबचं कुतुब होतं!"

"कुतुब म्हणजे मिनार ना?"

"तो वेगळा 'क' आहे, आजोबा. घशातला."

सात वर्षांच्या पोरीनं घशातला 'क' काढावा आणि आजोबांच्या घशाला कोरड पडावी, हे काही बरं नाही. मी त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुलूप-किल्लीचं दुकान असलेल्या चाचांकडे गेलो. चाचा मूळचे दापोलीकडचे. मस्कतला एका गोदामात बावीस वर्षं माल मोजण्यात गेली, त्यामुळे अरबी त्यांना कानानं येते आणि लहानपणीच्या मदरशामुळे नियमानंही येते. मराठी मात्र अजून बाणकोटी.

"चाचा, अरबीत अनेकवचन कसं करायचं?"

चाचांनी कानस खाली ठेवली. "साहेब, दोन असतील तर सोपं. शब्दापुढे 'आन' लावा. किताब, किताबान."

"म्हणजे दादरचं आणि वसईचं मिळून नायगावान?"

"बरोबर. तीन झाले की मोडायचं."

"काय मोडायचं?"

"शब्द. याला म्हणतात जम्अ तक्सीर. मोडकं अनेकवचन. काहींना सरळ शेपूट लागतं, 'ऊन' नाहीतर 'आत'. बाकीच्यांची आतली हाडं सरकतात."

मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं हिशेब लिहिले. मला 'जम्अ' ऐकूनच घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या जमाखर्चातला 'जमा' तो हाच. आणि 'तक्सीर' ज्या धातूपासून झाला, त्याच धातूतून आमची 'कसर' आली. म्हणजे जमा आणि कसर. आयुष्यभर ज्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही, त्यांचंच एक व्याकरण होतं.

चाचांनी भिंतीवरची एक कोरी किल्ली काढली. "ही बघा. अजून खाचा नाहीत. ह्याला अरबीत म्हणतात वज्न."

"वजन?"

"तेच तुमचं वजन. म्हणजे साचा. शब्दातली व्यंजनं घ्यायची, स्वर टाकून द्यायचे, आणि व्यंजनं साच्यात बसवायची. ज्याला चार व्यंजनं आहेत त्याला डोळे मिटून एकच साचा. पहिल्यावर अ, दुसऱ्यावर आ, तिसऱ्यावर इ. मस्जिद?"

मी बोटं मोजली. म, स, ज, द. "म... सा... जि... द. मसाजिद?"

"शाब्बास. दफ्तर?"

"दफातिर."

"दिरहम?"

"दराहिम!" मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानात कुलूप घ्यायला आलेल्या बाईंनी पर्स छातीशी धरली.

"आता मद्रसा. शेवटचा आ शेपटीचा आहे, तो गळून पडतो."

"मदारिस."

"आणि शब्दातलं शेवटचं अक्षर लांब असेल तर इ पण लांब. संदूक?"

"सनादीक."

"मिफ्ताह? म्हणजे किल्ली."

"मफातीह."

चाचांनी भिंतीवर लटकलेल्या दीडशे मफातीहांकडे हात केला आणि म्हणाले, "बघा, तुम्ही येण्याआधी ह्या नुसत्या किल्ल्या होत्या."

मग मी विचारलं, "चाचा, नायगाव?"

ते क्षणभर थांबले. न, य, ग, व. चार व्यंजनं, शेवटचं अक्षर लांब. "नयागीव," ते म्हणाले. त्या रात्री मी घरी गेलो तो तीन नयागीवांचा मालक असल्यासारखा.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घराला बरे गेले नाहीत. बीडीडी चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची, आणि तिच्या भिंतींवर मी चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. फडताळावर, कॅलेंडरवर, देवाच्या फोटोच्या अगदी शेजारी. घरात दिसेल त्या गोष्टीचं मी अनेकवचन मोडू लागलो. गॅलरीतून जाणाऱ्या मंडळाच्या पोरांना सांगितलं, "अरे, तुम्ही सगळी मंडळं मिळून मनादिल."

चाचांना हे सांगितलं तर ते हसून खाली बसले. "साहेब, मनादील म्हणजे हातरुमाल. एकवचन मंदील."

"मंदील म्हणजे आमच्याकडे पागोटं!"

"तोच कपडा. अरबांनी हातात धरला, तुम्ही डोक्यावर गुंडाळला. पण तुम्ही 'मनादिल' म्हणालात, ऱ्हस्व. ते मंडळालाच बरोबर. मंदीलचा 'दी' लांब, म्हणून मनादील. एका वेलांटीवर सगळा गणेशोत्सव रुमालावर आला असता."

मला वाटलं, मी जिंकलो. नातीला निरोप पाठवला, "तुझ्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना माझा सलाम." शिक्षक म्हणजे मुदर्रिस, हे तिनंच सांगितलेलं. म, द, र, स. साच्यात घातलं आणि लिहिलं, 'मदारिस'. उत्तर आलं ते लेकीचं. "बाबा, तुम्ही दुबईतल्या सगळ्या शाळांना सलाम पाठवलाय."

चाचा म्हणाले, "चूक तुमची नाही, हावरेपणाची आहे. 'मु' नं सुरू होणारा आणि काम करणारा माणूस असेल तर मोडू नका. त्याला शेपूट लावा. मुदर्रिसून. माणसं नुसती शेपटानं वाढतात, इमारती मोडाव्या लागतात."

आमच्या चाळीचा पुनर्विकास चालू असताना हे वाक्य मी घरी सांगितलं नाही.

खरा घोटाळा पुढच्या पायरीवर होता. चार व्यंजनांचा शब्द म्हणजे सरकारी नोकरी, नियमानं चालतो. तीन व्यंजनांचा शब्द म्हणजे खासगी धंदा. किताबचं कुतुब, पण बाबचं, म्हणजे दरवाज्याचं, अब्वाब. बैत म्हणजे घर, त्याचं बुयूत. जबल म्हणजे डोंगर, त्याचं जिबाल. रजुल म्हणजे पुरुष, त्याचं रिजाल. मी चाचांना काकुळतीनं विचारलं, "इथे काही अंदाजच नाही का?"

"अंदाज आहे, खात्री नाही. घट्ट शब्द, म्हणजे मधे स्वर नाही, जसं बैत, दर्स, कल्ब, ते बऱ्याचदा उ-ऊ वर जातात. बुयूत, दुरूस."

"मग कल्ब म्हणजे कुत्रा, त्याचं कुलूब?"

"किलाब. सांगितलं ना, बऱ्याचदा. दोन्हीकडे अ असलेले शब्द, खबर, सबब, वलद, ते बऱ्याचदा 'अ' पुढे घेऊन 'आ' आत घालतात."

"अखबर?"

"अखबार."

मी उठून उभा राहिलो. "चाचा, अखबार म्हणजे वर्तमानपत्र!"

"खबरा अनेक, म्हणून अखबार."

"आणि सबब?"

"असबाब."

"अहो, मी आयुष्यभर कचेरीत सबब सांगितली आणि घरात असबाब साठवला!" घरी ही ओळ ऐकून सौ. म्हणाल्या, "नवीन काय सांगितलंत? तुमच्या सबबींचाच ढीग आहे हा."

त्या दिवशी चाचांनी मला जे दाखवलं, त्यानं माझी झोप उडाली. अरबीतली ही मोडकी अनेकवचनं फार्सीतून आमच्या कचेऱ्यांत आली आणि आम्ही ती एकवचनं समजून वापरत बसलो. जुन्या दस्तऐवजात बापाच्या नावाआधी 'वलद' लिहायचे, म्हणजे मुलगा. त्याचं अनेकवचन अवलाद, आणि आम्ही ते एकेका पोराला वेगवेगळं ऐकवतो. कचेरीतला नायब तहसीलदार एकटा असतो तोवर नायब. अनेक नायब एकत्र आले की नवाब. आमच्या कचेरीत दोनच नायब होते, पण वागायचे मात्र नवाबासारखे. हे आता व्याकरणात बसलं.

"आणि हाल?" चाचांनी विचारलं.

"हाल म्हणजे स्थिती. त्याचं..." मी बोटं मोजली. "अहवाल!"

इथे मी खुर्चीवर बसलो. मराठीत 'हाल' नेहमी अनेकवचनी. माझे हाल झाले. 'अहवाल' मात्र एकवचनी. अहवाल आला, अहवाल गेला, अहवाल टेबलाखाली पडला. म्हणजे आम्ही अरबांचं एकवचन उचलून अनेकवचनी केलं आणि अनेकवचन उचलून एकवचनी. चौतीस वर्षं मी हा उलटा हिशेब लिहिला आणि एकाही ऑडिटरनं आक्षेप घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस मैदानावर नेहमीसारखी 'दाहिने मूड' सुरू झाली. शेजारचे हवालदार घामाघूम होऊन परतले तेव्हा मी गॅलरीत वाट बघत होतो.

"हवालदारसाहेब, आत्ता काय करून आलात?"

"कवायत."

"म्हणजे काय केलंत माहीत आहे? कायद्याचं अनेकवचन केलंत. कायदा, अरबीत काइदा. त्यात व्यंजनं तीनच. मग तो 'का' मधला लांब आ स्वतः 'व' होतो आणि चौथं व्यंजन म्हणून रांगेत उभा राहतो. शेपटीचा आ गळतो. क-वा-इ-द. कवाइद, कवायत."

हवालदारांनी टोपी काढली. "म्हणजे कायदा एक, आणि आम्ही रोज पहाटे धावतो ते अनेकवचनासाठी?"

"नायबचंही तसंच व्हायला हवं होतं, पण तो माणूस आहे. माणसाच्या बाबतीत मधलं व्यंजन दुप्पट करतात. नुव्वाब."

"माणसं दुप्पट करायचं वर कळवा," हवालदार म्हणाले. "भरती रखडलीय."

सौ. हे सगळं ऐकत होत्या. त्या लालबागहून मिरची कांडून आणून दमल्या होत्या आणि शिंकत होत्या. मी म्हटलं, "अगं, 'मसाला' हाही मोडलेला शब्द आहे. मसालिह. एकवचन मस्लहत."

"म्हणजे काय?"

"मसलत. म्हणजे अनेक मसलती झाल्या की मसाला."

"त्यात अरबी कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत चार बायका उभ्या राहिल्या की कळतं ते."

एवढं होऊन मी नातीपुढे ताठ मानेनं बसलो. तिनं वाक्य दिलं, "पुस्तकं मोठी आहेत." मोठा म्हणजे कबीर. मी म्हणालो, "अल-कुतुब कबीर."

"चूक. कबीरा."

"कबीरा म्हणजे मोठी. पुस्तक बाई आहे का?"

"एक पुस्तक बुवा असतं, आजोबा. खूप झाली की बाई होतात. एकच बाई."

मी फोन ठेवून थेट चाचांकडे. चाचा म्हणाले, "पोरगी बरोबर आहे. माणूस सोडून काहीही अनेक झालं की अरबी त्याला एकच बाई समजते. विशेषण बाईचं, क्रियापद बाईचं, सर्वनाम 'ती'. कुतुब कबीरा. शंभर ट्रक असले तरी ती आली, ती गेली."

"ही काय रीत झाली!"

"गोदामात बावीस वर्षं मोजत होतो, साहेब. हजार खोकी. खाली उतरवताना वाटतं, ही एकच भलीमोठी बाई आहे."

आता मी सगळ्या जगाला बाई करून टाकलं. पुढच्या रविवारी नातीनं विचारलं, "मुलं मोठी आहेत?" मी बिनधास्त म्हणालो, "अल-अवलाद कबीरा!"

"आजोबा! मुलं वस्तू नाहीत! अल-अवलाद किबार. माणसांना विशेषणही मोडावं लागतं. कबीर, किबार."

"आणि कुत्रे?"

"किलाब कबीरा. कुत्रे माणसात नाहीत."

हवालदारांना हे सांगितलं तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे श्वानपथकाचा कुत्रा कबीरा आणि मी किबार?"

"एक कुत्रा असेल तर तो कबीरच. पथक झालं की कबीरा. आणि तुम्ही पथकात असलात तर किबार."

"पगारात काही फरक?"

"नाही."

"मग राहू द्या."

चाचांनी मात्र पुढच्या भेटीत माझी पंचाईत वाढवली. म्हणाले, जुन्या अरबीत माणसांच्याही मोडक्या अनेकवचनाला बाईचं एकवचनी क्रियापद चालतं. म्हणजे मी चुकलो ते एखाद हजार वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. माझ्या बऱ्याच चुका वेळेच्याच असतात.

त्या रात्री मी जेवताना धुसफुसत होतो. "कसली भाषा! पुस्तकं अनेक आणि त्यांना म्हणायचं 'ती नवी'!"

सौ. भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "आपण काय म्हणतो?"

"काय म्हणतो?"

"'ती नवी भांडी कुठे ठेवू?' आणि 'ती नवी सून कुठे आहे?' दोन्हीकडे 'ती' आणि दोन्हीकडे 'नवी'. भांडी अनेक, सून एक."

मी घास हातात धरून बसलो. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन, दोघांचं सर्वनाम 'ती' आणि विशेषणाची वेलांटी तीच. पुस्तकं, घरं, झाडं, भांडी, सगळी 'ती नवी'. फक्त शेवटी 'आहे' ऐवजी 'आहेत' म्हणून आम्ही एका 'त' वर सुटका करून घेतो. अरबी तेवढाही 'त' देत नाही.

"पण डबे?" मी शेवटचा प्रयत्न केला. "डबे 'ते नवे'."

"डबे पुल्लिंगी. त्यांचं तुम्ही अरबांना विचारा." आणि भाकरी पालथली.

चाचांना हे सांगितलं तर त्यांनी सौ.साठी एक जुनं पितळी कुलूप भेट दिलं. मला आजवर काही दिलं नाही. फक्त एवढं सांगितलं की तीन व्यंजनांच्या शब्दांना अंदाज बांधावा, पण पैज लावू नये. अरबी कोशात शब्दापुढे 'जीम' हे अक्षर लिहून अनेकवचन दिलेलं असतं. जम्अ मधला जीम. "एकवचन एकटं पाठ करू नका. नवराबायकोसारखं जोडीनं पाठ करा. बैत-बुयूत. एक आलं की दुसरं मागून यायलाच हवं."

मी हे ब्रह्मवाक्य घेऊन पुढच्या रविवारी फोनपुढे बसलो. पण त्या दिवशी नातीची मराठीची परीक्षा होती. तिची आई घरी शिकवते.

"आजोबा, भिंत?"

"भिंती."

"इमारत?"

"इमारती."

"मग वाट? वाटी?"

"नाही गं, वाटी आमटीची. वाटचं वाटा."

"वीट?"

"विटा."

"म्हैस?"

"म्हशी."

"म्हैस मोडली का, आजोबा?"

मी गप्प. 'म्है'तली मात्रा कुठे गेली ते मलाही माहीत नव्हतं.

"मग नियम काय? भिंतीला ई आणि विटेला आ का? भिंत विटांचीच असते ना?"

मी सौ.कडे बघितलं. सौ. भिंतीकडे बघत होत्या. शेवटी मी चाचांच्या आवाजात म्हणालो, "बाळा, नियम बऱ्याचदा चालतो. जोडीनं पाठ कर."

"तुमच्या कोशात पुढे जीम लिहितात का?"

"नाही."

"मग अरबी सोपी आहे," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

फोन बंद झाला. मैदानावर संध्याकाळची कवायत संपत आली होती. सौ. उठल्या, देवाच्या फोटोशेजारची 'मिफ्ताह-मफातीह' अशी चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि माझ्या हातात दिली.

"मागची बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या. "'वाट-वाटा' लिहा, आणि तिला पाठवा. आणि ती बाकीची चिटोरी पण काढा आता."

'ती बाकीची चिटोरी.' ती, अनेक, एकच बाई. मी मुकाट्यानं भिंतीवरून सोलायला लागलो.